माझा अनुभव : १८६ ग्राहकांना लिहिलेले उशिराचे पत्र

९ ऑगस्ट २०२४ रोजी संध्याकाळी तात्यांनी नव्याने आलेल्या कातड्याची कड रापीने कापली, कापलेली बाजू दिव्याखाली धरली आणि काही न बोलता तो तुकडा माझ्या हातात दिला. कडेच्या दोन्ही अंगांना चांगला तांबूस रंग होता, पण मधोमध सुतासारखी एक पांढरट रेघ गेलेली होती. "वहिनी, हे आतनं कच्चं हाय," एवढेच ते म्हणाले. आमच्याकडे कोल्हापुरी चपलांचे काम करणाऱ्या चार कारागिरांत तात्या सर्वांत जुने आहेत आणि कातड्याच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्या घरात शेवटचा मानला जातो.

त्या दिवशी आमच्याकडे १८६ ग्राहकांच्या २१४ जोडांच्या मागण्या पैशांसह जमा होत्या. त्या सगळ्यांना आम्ही १० ऑगस्टपर्यंत चपला रवाना करण्याचे कबूल केले होते, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. पुढच्या पावणेदोन महिन्यांत मला या ग्राहकांना तीन पत्रे लिहावी लागली. त्यांपैकी पहिले लिहायला दोन दिवस लागले, कारण त्याचा पहिला मसुदा वाचायला सभ्य असला तरी आतून तसाच कच्चा होता. तो कसा बदलत गेला, हे मी येथे सविस्तर लिहिते आहे.

उशीर कशामुळे झाला हे आधी सांगते, कारण पत्राचा सगळा गुंता त्यातूनच निर्माण झाला. कोल्हापुरी चपलेच्या तळाचे कातडे आमच्या भागात पारंपरिक रीतीने कमावले जाते. चुन्यात ठेवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवतात, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात, म्हणजे ते पाणी हळूहळू कातड्याच्या जाडीत मुरत जाते. या मुरण्याला त्याचा वेळ द्यावाच लागतो, आणि नंतर कातडे मोकळ्या हवेत नीट वाळावे लागते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा आमच्या पुरवठादारांच्या आवारातही पाणी शिरले आणि त्यांनी पिशव्या मुदतीआधीच उतरवल्या. कातडे वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते केले, हे मला मान्य आहे. मात्र ते आम्हांला पाठवताना त्यांनी हे सांगितले नाही. २५ जुलैला येणारा माल चार-चार दिवसांच्या वायद्यांनी पुढे सरकत ९ ऑगस्टला आला. अर्ध्या कातड्याचे २४ तुकडे आले होते आणि त्यांतल्या १५ तुकड्यांत ती पांढरी रेघ निघाली.

अशा कातड्याची चपल पहिल्या दिवशी अगदी चांगली दिसते. पाणी लागले की मात्र तळ फुगतो, त्याला वास येऊ लागतो, आणि वाळल्यावर तो कडक होऊन तडकतो. त्यामुळे मिळेल त्या कातड्यातून चपला उरकून वेळ पाळण्याचा मार्ग आमच्यासाठी उरला नव्हता. उरलेल्या ९ चांगल्या तुकड्यांतून ७० जोड निघतील, असा हिशेब तात्यांनी केला.

१० तारखेच्या रात्री मी पहिला मसुदा लिहिला. तो असा होता : "प्रिय ग्राहक, काही अपरिहार्य कारणांमुळे तसेच आमच्या पुरवठादारांकडून माल वेळेवर न मिळाल्यामुळे आपली मागणी पाठवण्यास विलंब होत आहे. आपली चपल लवकरात लवकर पाठवण्याचा आम्ही प्रयत्न करत आहोत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण दाखवलेल्या संयमाबद्दल मनःपूर्वक आभार."

माझ्या नवऱ्याला हे पत्र ठीक वाटले. मलाही रात्री ते ठीकच वाटले होते. सकाळी चहाच्या वेळी मी ते तात्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी विचारले, "म्हंजे चपला कवा मिळणार त्यास्नी?" या प्रश्नाला त्या पत्रात उत्तरच नव्हते. मग मी प्रत्येक वाक्य पुन्हा वाचत गेले आणि माझ्या लक्षात आले की चारही वाक्यांत काही ना काही झाकलेले आहे.

'काही अपरिहार्य कारणांमुळे' हे शब्द आपण बंद असलेल्या कार्यालयाच्या दारावर वाचतो, आणि कारण सांगायचे नसेल तेव्हाच ते लिहिले जातात. 'विलंब होत आहे' या रचनेत विलंब आपला आपण होतो, तो करणारे कोणीच नसते. मराठीत ही सोय फार सहज मिळते आणि औपचारिक लिहायला बसलो की हात आपोआप तिकडे वळतो. मी ते वाक्य 'आम्ही आपल्याला दिलेली तारीख पाळली नाही' असे करून पाहिले. लिहिताना जड गेले, पण खरे तेच होते. 'दिलगीर आहोत' हा शब्दही मी काढला. दिलगिरी म्हणजे वाईट वाटणे, आणि वाईट तर शेजाऱ्याचे नुकसान झाले तरी वाटते. आमच्याकडून चूक झाली होती, म्हणून तेथे 'क्षमा मागतो' हेच योग्य होते.

पुरवठादाराच्या उल्लेखावर मी सर्वांत जास्त अडले. त्यांच्याकडून माल उशिरा आला आणि सदोष आला, ही गोष्ट खरी होती. ती लपवली असती तर ग्राहकाला कारणच कळले नसते. पण ग्राहकाने पैसे आम्हांला दिले होते, आणि पुरवठादार निवडला होता तोही आम्हीच. जून महिन्यात आमच्याकडे कातडे नव्हते. पावसाळ्यात कातडे वाळत नाही हे कोल्हापुरात या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरीही एकाच ठिकाणाहून येणाऱ्या मालाच्या भरवशावर आम्ही एक महिनाभर मागण्या घेत राहिलो. खरी चूक ही होती आणि मसुद्यात नेमकी तीच नव्हती. ती पत्रात लिहिल्यावर पुरवठादाराचा उल्लेख एका वाक्यापुरता आणि नावाशिवाय राहिला. पत्र पाठवण्यापूर्वी मी त्यांना फोन करून ते वाक्य वाचून दाखवले. आधी ते रागावले, मग म्हणाले, "नाव नाही ना घातलंत? मग असू द्या. आहे ते खरंच आहे."

येथे कायद्याचाही एक भाग आहे. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्सविषयीचे २०२० चे नियम आमचे हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांनी मला समजावून सांगितले. तक्रार आल्यापासून ४८ तासांत तिची पोच द्यावी लागते आणि एक महिन्याच्या आत निवारण करावे लागते. कबूल केलेल्या वेळेपेक्षा उशिरा पोहोचलेला माल ग्राहक परत करू लागला, तर विक्रेत्याला तो नाकारता येत नाही. मात्र उशीर दैवी आपत्तीसारख्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला असेल, तर त्याला अपवाद आहे. पूर आलेला असल्यामुळे हा अपवाद सांगता येईल, असे त्यांनी सुचवले. मी तो सांगितला नाही. जुलै महिन्यात पंचगंगेला पाणी येणे ही कोल्हापुरात राहणाऱ्याने न धरलेली गोष्ट म्हणता येत नाही, आणि ज्या पत्रात आम्ही आपली चूक मान्य करतो त्याच पत्रात पुराच्या आडून परतीचा हक्क काढून घेणे मला पटले नाही.

यानंतर तारखेचा प्रश्न राहिला. पुढचे कातडे चेन्नईहून मागवायचे ठरले होते आणि तेथील व्यापाऱ्यांनी २६ ते २८ ऑगस्टच्या दरम्यान माल पोहोचेल असे सांगितले होते. त्यावरून सप्टेंबर अखेरची तारीख लिहिण्याचा मोह मला झाला, कारण तारीख दिली की पत्र पूर्ण झाल्यासारखे वाटते. पण आधीची तारीखही आम्ही अशीच, दुसऱ्याच्या फोनवरच्या शब्दावर दिली होती. तेव्हा मी असे ठरवले की जे कातडे घरात आले आहे आणि तात्यांनी ज्याची कड कापून पाहिली आहे, त्याच कातड्याच्या चपलेची तारीख लिहायची. ज्यांच्यासाठी कातडे हातात नाही, त्यांना चपलेची तारीख द्यायची नाही, तर आमच्या पुढच्या पत्राची तारीख द्यायची. माल आला तरी आणि नाही आला तरी २९ ऑगस्टला आम्ही पुन्हा लिहू, हे वचन पूर्णपणे आमच्या हातात होते.

त्यामुळे सगळ्यांना एकच पत्र पाठवता येणार नव्हते. मी मागण्यांची वही घेऊन बसले आणि १८६ नावे तीन भागांत लावली. मागणी नोंदवताना २८ जणांनी चपल कोणत्या दिवसासाठी हवी आहे हे लिहिले होते. एका वडिलांना २ सप्टेंबरला जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलाबरोबर ती द्यायची होती, आणि पुण्याच्या एका ढोलपथकातील मुलीला विसर्जन मिरवणुकीसाठी मैत्रिणींसह सहा जोड हवे होते. या २८ जणांना पत्र पाठवून उत्तराची वाट पाहणे चुकीचे ठरले असते, म्हणून त्यांना मी दोन दिवसांत स्वतः फोन केले. त्यांच्यापैकी १६ जणांनी थांबायची तयारी दाखवली आणि त्यांचे २३ जोड चांगल्या कातड्यातून सर्वांत आधी करायचे ठरले. उरलेल्या १२ जणांनी पैसे परत मागितले. एक बाई फोनवर खूप बोलल्या. आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी त्यांनी दोन जोड मागवले होते आणि तो दिवस चारच दिवसांवर आला होता. त्यांना देण्यासारखे माझ्याकडे पैशांशिवाय काही नव्हते. मी त्यांचे सगळे ऐकून घेतले, क्षमा मागितली आणि फोन चालू असतानाच पैसे परत पाठवले.

चांगल्या कातड्यातील उरलेले ४७ जोड मागणीच्या क्रमाने पहिल्या ४२ ग्राहकांना जाणार होते. तिसऱ्या भागात ११६ ग्राहक राहिले, ज्यांच्यासाठी आमच्याकडे कातडेच नव्हते. त्यांना १२ ऑगस्टला गेलेले पत्र येथे जसेच्या तसे देते.

"सप्रेम नमस्कार.

आपण आमच्याकडे कोल्हापुरी चपलेची मागणी नोंदवून पूर्ण पैसे दिले आणि आम्ही ती १० ऑगस्टपर्यंत पाठवण्याचे कबूल केले होते. ती तारीख आम्ही पाळलेली नाही, याबद्दल आम्ही आपली क्षमा मागतो. ही गोष्ट आपल्याला जुलै अखेरीसच कळवायला हवी होती, कारण कातडे वेळेवर येत नाही हे आम्हांला तेव्हाच दिसत होते. येईल, येईल असे म्हणत आम्ही थांबलो, ही आमची दुसरी चूक आहे.

तळाचे कातडे आमच्याकडे ९ ऑगस्टला आले आणि त्यातील बराचसा भाग पुरता कमावलेला नसल्याचे कापल्यावर दिसले. अशा कातड्याची चपल टिकत नाही, म्हणून आम्ही ते वापरणार नाही. मात्र पावसाळ्यात कातडे मिळण्यास अडचण येते हे माहीत असूनही ते हातात येण्यापूर्वीच आम्ही मागण्या घेतल्या आणि एकाच पुरवठादारावर अवलंबून राहिलो. या उशिराची जबाबदारी आमची आहे.

आपल्या चपलेसाठी लागणारे कातडे आज आमच्याकडे नाही. ते चेन्नईहून मागवले आहे. तेही झाडांच्या सालींत कमावलेले असते, पण ते आमच्या भागातील नाही आणि त्याचा रंग आपण छायाचित्रात पाहिलेल्या चपलेपेक्षा किंचित लालसर येईल. माल प्रत्यक्ष हातात येऊन तपासून होईपर्यंत आम्ही आपल्याला नवी तारीख देऊ शकत नाही. २९ ऑगस्ट रोजी आम्ही आपल्याला पुन्हा लिहू आणि त्या दिवशी जी स्थिती असेल ती कळवू.

आपल्याला थांबायचे नसेल, तर या पत्राला 'पैसे परत' एवढेच उत्तर पाठवावे. कारण सांगण्याची गरज नाही. संपूर्ण रक्कम त्याच दिवशी परत केली जाईल. बँकेच्या मार्गाने ती आपल्या खात्यात दिसण्यास कामकाजाचे पाच ते सात दिवस लागू शकतात. आपण थांबलात, तर पाठवणीचे ९० रुपये आम्ही परत करू, आणि चपल हातात पडल्यावर नको वाटली तर ती आमच्या खर्चाने परत घेऊ.

आपली,"

खाली माझे नाव आणि माझा स्वतःचा फोन क्रमांक होता.

या पत्रात आभार नाहीत. आभाराचे वाक्य मी शेवटच्या क्षणी काढले आणि घरात त्यावर वादही झाला. आभार मानल्याशिवाय पत्र रुक्ष वाटेल, असे माझ्या नवऱ्याचे म्हणणे होते. पण १२ ऑगस्टला त्या ११६ जणांनी कोणताही संयम दाखवलेला नव्हता. त्यांना उशीर झाल्याचे ठाऊकच नव्हते, आणि ज्यांना शंका आली होती त्यांचे पैसे आमच्याकडे अडकलेले असल्यामुळे थांबण्यावाचून त्यांना इलाज नव्हता. ज्याने अजून होकार दिलेला नाही त्याचे संयमाबद्दल आभार मानले, तर त्याला नकार देणे अवघड होते, आणि 'पैसे परत' लिहिणाऱ्याला आपणच काही कमी केले असे वाटू लागते. एकाच पत्रात मोकळेपणाने निवड देणे आणि आधीच आभार मानणे या दोन गोष्टी एकत्र बसत नव्हत्या, म्हणून आभाराचे पत्र वेगळे लिहायचे ठरले.

पुढच्या खरेदीवर सवलत देण्याचा विचारही आम्ही असाच सोडून दिला. सवलत मिळवण्यासाठी ग्राहकाला आमच्याकडे पुन्हा पैसे भरावे लागले असते, आणि पहिलाच जोड मिळालेला नसताना दुसऱ्याचे आमंत्रण देणे योग्य नव्हते. ९० रुपये ही रक्कम लहान आहे, पण ती काहीही अट न घालता परत जाणारी होती.

पत्र पोहोचवण्यात एक चूक झाली, ती सांगणे उपयोगाचे आहे. आधी मी सगळ्यांचे क्रमांक एका ब्रॉडकास्ट यादीत घालून व्हॉट्सॲपवर पत्र पाठवले. संध्याकाळपर्यंत बहुतेकांच्या नावांपुढे दुसरी खूण उमटलीच नाही. अशा यादीतून पाठवलेला संदेश फक्त त्यांनाच मिळतो, ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवलेला असतो, हे मला त्या दिवशी कळले. एकदाच चपल मागवणारा ग्राहक आपला क्रमांक कशाला साठवून ठेवील? दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या पुतणीने बसून प्रत्येकाला त्याच्या नावाने आणि मागणीच्या क्रमांकासह वेगळा संदेश आणि वेगळी ईमेल पाठवली. सबंध दिवस गेला, पण उत्तरे त्यानंतरच येऊ लागली.

११६ पैकी ८३ जणांनी थांबतो असे कळवले, २१ जणांनी पैसे परत मागितले आणि १२ जणांचे काहीच उत्तर आले नाही. 'उत्तर न आल्यास आपण थांबण्यास तयार आहात असे समजू' असे एक वाक्य पहिल्या मसुद्यानंतरच्या खर्ड्यात माझ्याकडून लिहिले गेले होते. ते आमच्या सोयीचे होते, म्हणूनच मी ते काढले होते. न बोलणाऱ्याचा होकार धरायचा तर त्याने पत्र वाचले आहे याची खात्री हवी, आणि तीच नव्हती. या १२ जणांना मी आठवडाभर फोन करत राहिले. सात जण भेटले, त्यांतील चार थांबले आणि तिघांनी पैसे घेतले. उरलेल्या पाच जणांचे पैसे मी परत पाठवले आणि चपल अजूनही हवी असल्यास सांगावे असे लिहून ठेवले. पुढे त्यांतील दोघांनी चपला पुन्हा मागवल्या. त्यांपैकी एकजण आम्ही विचारल्याशिवाय मागणी रद्द केली म्हणून नाराज होते. त्यांची नाराजी मला रास्त वाटली, तरी विचारल्याशिवाय पैसे परत करण्यापेक्षा विचारल्याशिवाय पैसे ठेवून घेणे अधिक वाईट ठरले असते, असे मला अजूनही वाटते.

चेन्नईचे कातडे २८ ऑगस्टला आले. तात्यांनी एकेका तुकड्याची कड कापून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुसरे पत्र लिहिले. या वेळी तारीख देता येत होती, आणि ती कशी काढली हेही मी पत्रात लिहिले. थांबलेल्या ८७ ग्राहकांचे ९८ जोड होते. चार कारागीर मिळून दिवसाला आठ जोड होतात, म्हणजे तेरा दिवसांचे काम होते. ३१ ऑगस्टला सुरुवात करून, रविवार, गणपतीचे सहा दिवस आणि अनंत चतुर्दशी सोडली, तर ते २१ सप्टेंबरला पुरे होणार होते. तेल देणे, तपासणे आणि बांधणे यांसाठी चार दिवस धरून आम्ही २५ सप्टेंबरपर्यंत चपला रवाना करू असे लिहिले. गणपतीत कारागीर सुट्टीवर असतील, हे वाक्य घालावे की नाही असे मला क्षणभर वाटले होते. ते घातल्यावर त्यावर कोणीही कुरकुर केली नाही. उलट एका आजोबांनी "कारागिरांना सुट्टी देता हे वाचून बरे वाटले" असे कळवले. या पत्रानंतर आणखी चार जणांनी मागणी रद्द केली. त्यांना नवी तारीख फार लांबची वाटली.

शेवटचे पार्सल २३ सप्टेंबरला गेले. चपला एकूण १४१ ग्राहकांना पोहोचल्या आणि ४५ जणांचे पैसे परत गेले. जर्मनीला जाणाऱ्या मुलाचा जोड १८ ऑगस्टलाच त्यांच्या घरी पोहोचला होता, आणि ढोलपथकातील मुलींनी मिरवणुकीतील छायाचित्र पाठवले, त्यात बाराही पावले दिसत होती.

आभाराचे पत्र मी १ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दोन दिवस आधी लिहिले. सगळ्यांच्या चपला हातात पडल्या आहेत आणि सगळे परतावे खात्यांत दिसले आहेत, याची खात्री करून घेतल्यावरच ते लिहायचे मी ठरवले होते. आता आभार नेमके कशाचे मानायचे, हे स्पष्ट होते. थांबलेल्यांना मी असे लिहिले : "थांबायचे की नाही हे आपल्या हातात असताना आपण थांबलात. आपल्या होकारामुळे आमच्या चारही कारागिरांना ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सलग काम मिळाले. कच्चे कातडे वापरून वेळ पाळण्याची घाई आम्हांला करावी लागली नाही, तीही आपल्यामुळेच. पाठवणीचे ९० रुपये आपल्या खात्यात जमा केले आहेत." या परताव्याची रक्कम १२,६९० रुपये झाली.

ज्यांनी पैसे परत घेतले त्या ४५ जणांनाही मी लिहिले, आणि माझ्या दृष्टीने ते पत्र अधिक अवघड होते. त्यांना चपल मिळालेली नव्हती, तेव्हा त्यांच्याकडे आनंदाने बोलण्यासारखे काही नव्हते. मी एवढेच लिहिले की आपण स्पष्ट नकार कळवल्यामुळे उरलेल्यांच्या कामाचा खरा हिशेब आम्हांला करता आला, आपला दिवस आमच्यामुळे हुकला याची आम्हांला जाणीव आहे आणि परताव्यात काही राहिले असेल तर कळवावे. पुन्हा खरेदी करा असे त्यात कोठेही लिहिले नाही. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी चपला मागवणाऱ्या बाईंचे त्याला उत्तर आले. राग अजून गेलेला नाही, पण पत्र वाचले, असे त्यांनी लिहिले होते.

त्याच आठवड्यात आम्ही मागणीच्या पानावरील मजकूर बदलला. आता कातडे घरात येऊन तात्यांनी तपासल्यावर, त्यातून जितके जोड निघणार असतील तितक्याच मागण्या आम्ही घेतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात केवळ तयार जोडच विकतो. जुन्या पुरवठादारांकडून कातडे घेणे आम्ही थांबवलेले नाही. पूर ओसरल्यावर त्यांनी ते १५ तुकडे परत नेले आणि डिसेंबरमध्ये नवीन कातडे घेऊन स्वतः आले. तात्यांनी त्यांच्यासमोरच कड कापली, आणि या वेळी रंग आरपार एकसारखा होता.